आधी वार परत आणा

प्रश्न: मी एका कंपनीत मुख्य लेखापाल होतो. ३३ वर्षे नोकरी केली, निवृत्त होऊन नऊ महिने झाले. पैशाची चिंता नाही, तब्येतही बरी आहे. पहिले दोन-तीन महिने मजेत गेले, पण आता सकाळी उठावंसंच वाटत नाही. फोन वाजत नाही. कुणी ‘सध्या काय करता?’ असं विचारलं की शब्द घशात अडकतात. फिरायला जाणं, वाचन, गिटारचा क्लास असं सगळं सुरू करून सोडलं. बायकोशी बारीकसारीक गोष्टींवरून खटके उडतात. जो तो म्हणतो, छंद जोपासा. मी नेमकं काय करू?

उत्तर:

छंदाचा सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण त्यामागे असं गृहीत धरलेलं असतं की निवृत्त माणसाकडे वेळ उरतो आणि तो भरायचा असतो. गेली बावीस वर्षे मी निवृत्त झालेल्या माणसांसोबत समुपदेशनाचं काम करते आहे. माझा अनुभव उलटा आहे. वेळ उरत नाही, वेळेचा आकारच जातो. आकार नसलेल्या वेळात गिटार काय, काहीच टिकत नाही. आज वाजवली काय आणि उद्या वाजवली काय, कुणाचं काही अडत नाही. मग ती उद्यावर जाते आणि तिथेच राहते. तुमच्यात चिकाटी नाही असा निष्कर्ष तुम्ही काढला असेल तर तो आधी पुसून टाका. चिकाटी नसलेला माणूस ३३ वर्षे ताळेबंद जुळवत नाही.

या गोष्टीचा एक जुना आणि फार बोलका अभ्यास आहे. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नावाचं छोटं गाव होतं. अख्खं गाव एका कापड गिरणीवर जगायचं आणि १९३० च्या सुमारास ती गिरणी बंद पडली. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझल हे संशोधक तिथे गेले. त्यांचा अहवाल १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. गावात वाचनालय होतं आणि लोकांकडे आता वेळच वेळ होता, तरी पुस्तकं नेण्याचं प्रमाण वाढण्याऐवजी घटलं. संशोधकांनी लोकांना दिवसाचा तासागणिक तक्ता भरायला दिला, तर पुरुषांना उठणं, दुपारचं जेवण आणि झोपणं याखेरीज फारसं काही आठवेना. खिडकीआडून रस्त्यावरच्या लोकांची चाल मोजली, तर पुरुष सावकाश चालत होते आणि थांबत होते. बायका मात्र भराभर जात होत्या. गिरणीतली नोकरी त्यांचीही गेली होती, पण घरचं काम होतं आणि त्या कामाला वेळ होती.

त्या लोकांवर गरिबी कोसळली होती, तुमचं तसं नाही. तेवढा फरक ध्यानात ठेवून हे वाचा. पण यातूनच याहोडा यांनी पुढे जे मांडलं ते मला रोज उपयोगी पडतं. नोकरी पगाराशिवाय आणखी पाच गोष्टी गुपचूप देत असते: दिवसाला आखणी, घराबाहेरच्या माणसांशी नेमाने संबंध, आपल्याहून मोठ्या कशात तरी वाटा, समाजात एक जागा आणि हातपाय हलवायला भाग पाडणारं रोजचं काम. पगाराची तजवीज आपण आयुष्यभर करतो. या पाच गोष्टी कुठून येत होत्या हे मात्र त्या बंद झाल्यावरच कळतं. ‘सध्या काय करता?’ला तुमचे शब्द अडकतात, म्हणून तुम्हाला वाटत असेल की ओळख गेली. खरं तर पाचही गेल्या, फक्त चौथीचा आवाज सगळ्यात मोठा आहे.

म्हणून माझं पहिलं सांगणं जरा विचित्र वाटेल. ‘मी आता कोण?’ हा प्रश्न सध्या सोडून द्या. आयुष्याचा नवा हेतूही शोधायला बसू नका. हेतू बसून सापडत नाही, आणि रिकाम्या खोलीत बसून तर मुळीच नाही. आधी आठवड्याचे वार परत आणायचे. निवृत्त माणसाला मी पहिल्या भेटीत हमखास विचारते, ‘आज कोणता वार?’ बरेच जण क्षणभर थांबतात. आठवणीचा काही दोष नसतो. मंगळवार आणि शुक्रवार यांत फरक पडावा असं त्यांच्या आयुष्यात काही उरलेलंच नसतं.

मात्र त्याआधी एक गोष्ट तपासायला हवी, कारण ती राहिली तर पुढचं सगळं वाया जातं. तुम्हाला उठावंसं वाटत नाही, हे निवृत्तीनंतरचं रितेपण असू शकतं किंवा नैराश्याचा आजारही असू शकतो. रितेपणात माणूस जुन्या सहकाऱ्याच्या फोनने, नातवंडाच्या येण्याने तेवढ्यापुरता तरी उजळतो. नैराश्यात आवडीच्या गोष्टीनेही काही हलत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक दिवस असं राहत असेल, भूक किंवा वजन कमी झालं असेल, पहाटे खूप लवकर जाग येऊन तीच वेळ सगळ्यात वाईट जात असेल, आपण ओझं आहोत असं वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जा. मरणाचे विचार येत असतील तर आजच जा, एकटे थांबू नका. पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची साधी प्रश्नावली असते. तिचे गुण ० ते २७ असतात आणि १० किंवा अधिक आले तर पुढे तपासणी करायची, असा सर्वसाधारण संकेत आहे. डॉक्टरांना थायरॉइड आणि बी-१२ ही पाहायला सांगा. या वयात त्यांची कमतरता हुबेहूब उदासीसारखी दिसते. आणखी एक, हे घरच्यांसाठी: ज्याचा सगळा उत्साह गेला आहे पण त्याला स्वतःला त्याचं काहीच वाटत नाही आणि जोडीला विसराळूपणाही आहे, अशा माणसाला मेंदूविकार तज्ज्ञांना दाखवावं. तुम्हाला तर त्रास होतोय आणि तुम्ही तो इतका नीट लिहिला आहे, म्हणून मी रितेपणाच्या शक्यतेकडे झुकते. तरी तपासणी टाळू नका.

आता कामाकडे वळू.

पहिले १४ दिवस काहीही बदलायचं नाही, फक्त नोंद करायची. जमाखर्चाची सवय असलेल्या माणसाला हे सोपं जावं, पण गंमत म्हणजे तुमच्या पेशातले लोकच सगळ्यात जास्त कुरकुर करतात. त्यांना आधी शिल्लक हवी असते, नोंदी नंतर. एका कागदावर तासाचे रकाने करा. प्रत्येक तासापुढे चार गोष्टी लिहा: काय केलं, सोबत कोण होतं, ‘बरं वाटलं’ याला शून्य ते दहापैकी किती, आणि ‘हातून काही झालं’ याला किती. हे शेवटचे दोन वेगळे ठेवायचे, यातच सगळी मेख आहे. टीव्ही पाहताना बरं वाटण्याला पाच मिळतील, पण हातून काही होण्याला शून्य. बँकेतलं किचकट काम उरकलं तर नेमकं उलटं. नोकरीत हे दोन्ही आपोआप मिसळून मिळायचे. निवृत्तीत ते वेगळे होतात, आणि माणूस वर्षभर फक्त ‘बरं वाटणं’ वेचत राहतो आणि आपण रिकामे का, हे त्याला कळत नाही.

दर रात्री एकदाच बसून आठवून भरू नका. दिवसातून तीनदा भरा. रात्रीची आठवण अख्ख्या दिवसाला एकच रंग देते.

दुसरं काम पंधराव्या दिवशी सुरू होतं आणि ते शरीराचं आहे. उठण्याची वेळ ठरवा, झोपण्याची नाही. ती सात दिवस सारखी ठेवा, रविवारीसुद्धा, अर्ध्या तासाच्या आतबाहेर. उठल्यावर तासाभरात बाहेरच्या उजेडात या. दुपारची झोप तीनच्या आत आणि फार तर अर्धा तास. यामागचं कारण असं की आपल्या आतल्या घड्याळाला बाहेरून रोज लावावं लागतं. उजेड ते लावतो, आणि माणसांच्या भेटीगाठी, जेवणाच्या वेळा, कामाला लागण्याची वेळ हेही लावतात. नोकरी असताना यातलं काही आपण करत नव्हतो, नोकरी करवून घेत होती. रात्री झोप येत नाही म्हणून सकाळी नऊपर्यंत पडून राहणारा माणूस पुढच्या रात्रीची झोप आदल्या सकाळीच खर्च करत असतो.

दिवसातल्या पाच वेळा मी मोजायला सांगते: अंथरुणातून उठण्याची, कुणाशी तरी पहिलं बोलणं होण्याची, दिवसाचं मुख्य काम हाती घेण्याची, रात्रीच्या जेवणाची आणि अंथरुणात शिरण्याची. ही पद्धत मुळात मनाच्या तीव्र चढउतारांच्या आजारासाठी तयार झालेली आहे. निवृत्तांसाठी तिची पाच कलमी यादी मी सोयीने उसनी घेतली. आपल्या नेहमीच्या वेळेच्या पाऊण तास अलीकडे-पलीकडे झालं तर तो गुण मिळाला असं समजायचं. आठवड्याचे ३५ पैकी किती मिळाले ते लिहायचं. सुरुवातीला बहुतेकांचे दहा-बारा येतात आणि सगळ्यात रिकामा असतो तो तिसरा रकाना: दिवसाचं मुख्य काम. तो भरण्याआधी बाकीचे चार जागेवर आणायचे. याला तीन आठवडे लागतात. या तीन आठवड्यांत मनाला फार बरं वाटेल अशी अपेक्षा ठेवू नका. जमीन सपाट करताना घर दिसत नसतं.

आता तो तिसरा रकाना. इथे मी तुम्हाला एका बाईंची गोष्ट सविस्तर सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

त्या एका मोठ्या रुग्णालयात अतिदक्षता विभागाच्या इन्चार्ज सिस्टर होत्या. ३४ वर्षे नोकरी, त्यातली शेवटची अकरा या पदावर. निवृत्तीनंतर सात महिन्यांनी माझ्याकडे आल्या. तक्रार झोपेची. पहाटे पाचला जाग, नऊपर्यंत अंथरुणात, दुपारी दोन तास झोप. यजमान अजून नोकरीत. दिवसभर घरात टीव्ही चालू, ‘आवाज हवा म्हणून’. त्यांचं एक वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आहे: ‘मला ३४ वर्षांत कुणी नावाने हाक मारली नाही, सगळे सिस्टर म्हणायचे. आता कुणी सिस्टर म्हणत नाही आणि नावाने हाक मारली तर मी मागे वळून बघत नाही.’

त्यांनी आधीच एक प्रयत्न करून पाहिला होता आणि तो फसला होता. निवृत्तीनंतर तिसऱ्या महिन्यात त्या आपल्याच विभागात मदतीला म्हणून जाऊ लागल्या. तिसऱ्या खेपेला एका तरुण सिस्टरने औषधांची ट्रॉली वेगळ्या पद्धतीने लावलेली पाहून त्यांनी तिला सगळ्यांसमोर सुधारलं. ती पोरगी आता इन्चार्ज होती. ती काही बोलली नाही, पण सगळ्या विभागात शांतता पसरली. बाई घरी आल्या आणि पुन्हा गेल्या नाहीत. हा सापळा मी इतक्यांदा पाहिला आहे की आता सगळ्यांना आधीच सांगून ठेवते: जुन्या जागी जुन्या कामाच्या सावलीत जाऊ नका, निदान पहिली दोन वर्षे. तिथे तुमची खुर्ची भरलेली असते आणि तुम्ही तिच्या शेजारी उभे असता.

चौदा दिवसांच्या नोंदीत त्यांचे बहुतेक तास दोन-तीन गुणांचे होते. एका गुरुवारी मात्र सकाळी अकराला ‘हातून काही झालं’ याला आठ. काय झालं होतं? शेजारच्या आजोबांना रुग्णालयातून घरी आणलं होतं. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांच्या कागदावरून त्या घरातल्या मुलीला वेळापत्रक करायला यांनी शिकवलं: कोणती गोळी कधी, कशी लिहून ठेवायची, दिल्यावर खूण कशी करायची. पाऊण तासाचं काम. त्या स्वतः म्हणत होत्या, ‘त्यात काय एवढं!’ पण कागद खोटं बोलत नव्हता.

मग आम्ही त्यांची नोकरी सुटी केली, म्हणजे तिचे भाग वेगवेगळे करून पाहिले. हे काम घाईत होत नाही, आम्हाला दोन भेटी लागल्या. ‘तुम्ही काय काम करत होता’ असं मी विचारत नाही. मी विचारते की नोकरीतला कोणता क्षण आठवला की छाती भरून येते, आणि कोणता आठवला की अजूनही पोटात गोळा येतो. त्या आधी म्हणाल्या, ‘रुग्णसेवा’. हे शब्द निरोपसमारंभातले होते, ते बाजूला ठेवायला लावले. मग हळूहळू खरं बाहेर आलं. सकाळी सातचा हँडओव्हर: रात्रीची सिस्टर एकेका खाटेजवळ उभी राहून सांगते, आणि शेवटच्या खाटेशी पोचताना तो सगळा भार आपल्या खांद्यावर आलेला असतो. तो भार त्यांना आवडायचा. दुसरं, नव्या मुलींना शिकवणं, विशेषतः घाबरलेल्या मुलीचा हात स्थिर होताना बघणं. तिसरं, त्यांचा शब्द शेवटचा असणं. हे कबूल करायला त्यांना लाज वाटत होती. नकोसं काय? ड्यूटीचे तक्ते, रजांवरून भांडणं, रात्रपाळी. आणि एक आश्चर्य: रुग्णांशी गप्पा मारणं त्यांना कधीच फारसं जमलं नव्हतं. लोक त्यांना ‘वृद्धाश्रमात जाऊन आजीआजोबांशी बोलत बसा’ असं सुचवत होते. त्या गेल्या असत्या तर महिन्याभरात हे गिटारसारखं बंद पडलं असतं.

पद परत मिळणार नव्हतं. शेवटचा शब्द असण्याचा भाग गेला तो गेला, त्याचं दुःख करायला आम्ही एक अख्खी भेट दिली, कारण ते दुःखच आहे आणि त्यावर कामाचं पांघरूण घातलं तर ते दुसरीकडून बाहेर येतं. उरले दोन भाग: भार घेणं आणि शिकवणं. हे दोन भाग ज्यात आहेत पण रुग्णालय नाही, असं काम शोधायचं होतं. अडीच महिन्यांनी ते सापडलं. घरी राहून आजाऱ्यांची देखभाल करणाऱ्या मदतनिसांना शिकवणारा एक वर्ग होता. त्यांना प्रात्यक्षिक शिकवणारं कुणी हवं होतं. मंगळवार आणि शुक्रवार, साडेदहा ते साडेबारा, चौदा मुलीबायका. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कुशीवर कसं वळवायचं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी स्थिती कशी बदलायची, नोंदवही कशी ठेवायची.

असं काम निवडताना मी तीन कसोट्या लावते. वार आणि वेळ दुसऱ्या कुणी ठरवलेली असावी. तुम्ही गेला नाहीत तर कुणाची तरी खरोखर अडचण व्हावी. आणि त्यात तुम्हाला स्वतःला काहीतरी नवं शिकावं लागावं. छंदांना बहुतेक वेळा तिसरी कसोटी जमते, पहिली कधीकधी, दुसरी जवळजवळ कधीच नाही. आणि माझ्या मते दुसरीच सगळ्यात महत्त्वाची. ‘सन्माननीय सल्लागार’ हे पद तिन्हीत नापास होतं. नाव मोठं, वाट कुणी पाहत नाही. तुमच्यासारख्या वरच्या पदावरून उतरलेल्या माणसांना हेच आधी देऊ केलं जातं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

बाईंनी आणखी एक गोष्ट केली जी मला पटली. त्यांनी मानधन मागितलं. रक्कम किरकोळ होती, गरजही नव्हती. पण फुकटच्या माणसाला उशीर चालतो, रजा चालते, शेवटी त्याचं नसणंही चालतं, हे त्यांनी नेमकं हेरलं होतं. सगळ्यांनाच हे जमेल किंवा हवं असेल असं नाही. पैशाऐवजी हजेरीपटावर सही असली तरी काम भागतं.

पाचव्या आठवड्यात गाडी घसरली. वर्ग चांगला चाललेला पाहून त्यांनी उत्साहात आणखी चार ठिकाणी होकार दिला: सोसायटीची समिती, रक्तदान शिबिर, कुणाच्या संस्थेचं कार्यालय, भाचीचं बाळ सांभाळणं. आठवड्याचे सहा दिवस भरले. ३५ पैकी गुण २६ वरून १५ वर आले आणि शुक्रवारच्या वर्गाला दोनदा दांडी झाली. निवृत्त लोक आपण किती व्यग्र आहोत हे आवर्जून का सांगतात, यावर डेव्हिड एकर्ट या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये लिहिलं आहे. काम करणाऱ्या समाजात रिकामेपण हा कमीपणा असतो, म्हणून व्यग्रता हेच नवं पद होतं. ते खोटं पद आहे हे ओळखायची खूण अशी: कामाबद्दल दुसऱ्यांना सांगताना बरं वाटतं, पण ते करतानाच्या तासापुढे कागदावर दोनचा आकडा असतो. बाईंनी चारपैकी तीन कामं सोडली, बाळाचा फक्त बुधवार ठेवला. पहिले सहा आठवडे बांधील असे दोनच वार, तिसरा त्यानंतर. हा नियम मी त्यांच्यापासून शिकले. आठवड्याचा निम्म्याहून अधिक भाग बांधायचा नाही, कारण शरीर आता ३३ वर्षांचं नाही आणि मोकळ्या दिवसाला चव यायची तर तो बांधलेल्या दिवसांच्या मध्ये असावा लागतो.

पाचव्या महिन्यात त्या सव्वासहाला उठत होत्या, दुपारची झोप वीस मिनिटांवर आली होती, ३५ पैकी गुण २८-२९ च्या आसपास. टीव्हीचे तास सहावरून दोनवर. मी काही न सुचवता एकदा त्या बोलता बोलता म्हणाल्या, ‘माझ्या मंगळवारच्या मुली.’ ओळख परत आली ती अशी, बाजूच्या दाराने. रस्त्यावरून रुग्णवाहिका गेली की त्यांच्या आत अजूनही काहीतरी ओढल्यासारखं होतं. ते जाईल असं मी त्यांना कधी सांगितलं नाही.

आता तुम्ही. लेखापालाची नोकरी मी तुमच्यासाठी सुटी करू शकत नाही, ती तुम्हीच करायची. पण कुठे पाहायचं ते सांगते. मार्चअखेरीस सगळं जुळलं त्या रात्रीचा क्षण तुमचा आहे का? की चार रुपयांचा फरक दोन दिवस हुडकून एका जागी सापडला तो? की कुणी फाइल घेऊन दारात उभं राहून ‘साहेब, हे बसतंय का?’ विचारायचं तो? तिन्ही वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्हींना वेगवेगळी कामं लागतील. पहिल्यासाठी मुदत असलेलं काम हवं, वर्षातून एक-दोनदा कसोटी पाहणारं. दुसऱ्यासाठी कोडं हवं. ते आकड्यांचंच असलं पाहिजे असं नाही, जुनी कागदपत्रं लावणं, मोडकी यंत्रं दुरुस्त करणं यातही तेच सापडतं. तिसऱ्यासाठी माणसं हवीत, ज्यांना हिशेब कळत नाही आणि ज्यांना ते विचारायला लाज वाटते. कदाचित तुम्ही ‘मला आकड्यांचं काम पुन्हा नको’ असंही म्हणाल. चालेल, पण ते कागद भरल्यावर म्हणा, आज नको.

‘सध्या काय करता?’ या प्रश्नाचं तोवर काय करायचं, हा व्यवहारी भाग आहे. आपल्या भाषेत माणूस स्वतःची ओळख पदाने सांगतो: मी लेखापाल होतो. त्या ‘होतो’ वर वाक्य संपतं आणि घसा तिथेच अडकतो. वाक्य पदाने न संपवता क्रियापदाने संपवा, आणि त्यात एक वार घाला. ‘३३ वर्षे हिशेब पाहिले, आता बुधवारी अमुक करतो.’ आज तुमच्याकडे बुधवार नाही. मग एवढंच म्हणा: ‘नऊ महिन्यांपूर्वी निवृत्त झालो, अजून घडी बसवतो आहे.’ खरं आहे, आणि ऐकणाऱ्याला पुढे काही विचारताही येतं. निवृत्त होऊन पाच-सात वर्षे झालेला माणूस समोर असेल तर हमखास तो स्वतःचं सांगू लागतो.

फोनबद्दल: वाजायची वाट पाहू नका. जुन्या सहकाऱ्यांपैकी दोघांची नावं निवडा, ज्यांच्याशी ऑफिसशिवायही काही बोलणं असायचं, आणि महिन्यातून एकदा ठरल्या दिवशी भेटा. बाकीचे तुमच्या खुर्चीला फोन करत होते. हे कटू आहे, पण त्यात त्यांचा दगाफटका नाही. तुम्हीही तुमच्या आधीच्या मुख्य लेखापालांना किती फोन केलेत ते आठवून पहा.

सहा आठवड्यांनी कागद पुन्हा काढा. ‘सोबत कोण होतं’ या रकान्यात घराबाहेरचं एकही नाव आठवड्यातून दोनदा येत नसेल, किंवा निवडलेल्या कामाला लागोपाठ दोनदा तुम्ही कारण काढून गेला नसाल, तर निवड चुकली आहे. तुम्ही नाही. काम बदला, उठण्याची वेळ बदलू नका. आणि उठण्याची वेळसुद्धा तीन आठवडे प्रामाणिकपणे प्रयत्न करून जमत नसेल, तर पुन्हा डॉक्टरांकडे जा, मग कारण बहुधा वेगळं असतं.

राहिली बायको. मारिएनथालच्या बायका भराभर का चालत होत्या ते आठवा. तुमच्या पत्नी घरी असोत की नोकरीत, त्यांच्या दिवसाला गेली ३३ वर्षे एक आखणी होती आणि तिच्यात सकाळी नऊ ते संध्याकाळी सात तुम्ही नव्हता. नऊ महिन्यांपूर्वी त्यांचाही दिवस मोडला, फक्त त्यांना निरोपसमारंभ मिळाला नाही. ज्या बारीकसारीक गोष्टींवरून खटके उडतात त्यातल्या बऱ्याच, मी पैज लावते, त्यांच्या जागेत आणि त्यांच्या वेळेत घडत असतील: कपाट असं का लावलं, हे आत्ता का करतेस, फोनवर कुणाशी बोलत होतीस. तुमच्यातल्या तपासनिसाला ऑफिस उरलं नाही, म्हणून त्याने घरी दप्तर उघडलं आहे. चौदा दिवसांच्या कागदाची एक कोरी प्रत त्यांनाही द्या. भरायचा आग्रह करू नका, फक्त द्या. पंधराव्या दिवशी दोन्ही कागद शेजारी ठेवून एवढंच बघा की त्यांचे कोणते तास तुम्ही घरी असताना खाली आले आहेत. ते तास घराबाहेर काढायला तुम्हाला कोणता वार आणि कोणती वेळ लागेल, हे तिथूनच ठरवा.